अर्धशिशी : पहिला तास महत्त्वाचा

डोक्याचा अर्धा भाग, बहुधा कानशिलापासून डोळ्याच्या मागेपर्यंत, नाडीच्या ठेक्यावर ठणकू लागतो. उजेड सोसवत नाही, फोडणीचा वास नकोसा होतो, पोटात ढवळून येते आणि जिना चढताच ठणका दुप्पट होतो. या दुखण्याला मराठीत अर्धशिशी हे अगदी नेमके नाव आहे. आयुर्वेदाने त्याला 'अर्धावभेदक' म्हटले, आणि मायग्रेन हा शब्दही 'अर्धी कवटी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच घडला. नावे इतकी जुनी आणि इतकी बोलकी असूनही मराठी घरांत हे दुखणे बहुतेक वेळा भलत्याच नावाने ओळखले जाते. "पित्त झाले आहे, उलटी होऊन गेली की बरे वाटेल," असे म्हणून रुग्ण लिंबूपाणी घेतो, आम्लपित्तावरची गोळी चघळतो आणि वाट पाहत बसतो. नेमका याच वाट पाहण्यात उपचाराचा सर्वांत मोलाचा तास निघून जातो.

पित्ताचा हा समज निराधार मात्र म्हणता येत नाही. उलटी होते, आंबट-कडू पाणी पडते आणि पुष्कळदा त्यानंतर डोके उतरते, हा अनुभव खराच आहे. पण घटनांचा क्रम पाहिला की चित्र बदलते. अर्धशिशीत मळमळ पोटात सुरू होऊन डोक्यात चढत नाही. मेंदूत सुरू झालेल्या घडामोडीचा परिणाम म्हणून पोट मंदावते. झटका ओसरण्याच्या सुमारास उलटी होणे हे अनेकांच्या बाबतीत घडते, म्हणून उलटीनेच डोके थांबले असे वाटते. घशात बोटे घालून मुद्दाम उलटी काढण्याची सवय काहींना असते. त्यातून हाती लागतो तो थकवा आणि शरीरातील पाण्याची घट. शिवाय आधी घेतलेली गोळीही त्याबरोबर बाहेर पडते.

ओळख पटवायची कशी

वैद्यकशास्त्राने या दुखण्याची ओळख ठरवून दिली आहे. उपचार न केल्यास झटका ४ ते ७२ तास चालतो. दुखणे एका बाजूला असणे, ठणकत असणे, मध्यम किंवा तीव्र असणे आणि चालण्या-वाकण्याने वाढणे या चारांपैकी किमान दोन गोष्टी त्यात असतात. जोडीला मळमळ वा उलटी तरी असते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. असे किमान पाच झटके येऊन गेले असतील आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर निदान अर्धशिशीचे धरले जाते. त्यासाठी रक्ताची चाचणी नाही आणि बहुतेकांना स्कॅनचीही गरज पडत नाही. रुग्णाने नीट सांगितलेली हकिकत हीच येथे मुख्य तपासणी होय.

अर्धशिशी हे नाव असले तरी दुखणे अर्ध्याच डोक्यात असेल असे नाही. कित्येकांचे दोन्ही बाजूंना दुखते, तर कित्येकांची बाजू झटक्यागणिक बदलते. वर्षानुवर्षे एकच बाजू दुखत असेल आणि ती कधीच बदलत नसेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. झटक्यात डोळ्याला पाणी येणे किंवा नाक चोंदणेही संभवते. त्यामुळे कितीतरी लोक 'सायनस'च्या गोळ्या आणि वाफारे यांत वर्षे घालवतात. घट्ट पिवळा शेंबूड आणि ताप नसताना दर महिन्याला येणारा, मळमळीसह ठणकणारा 'सायनस' हा बहुधा सायनस नसतोच.

साधारण चारांतील एका रुग्णाला डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, दृष्टीचा एखादा तुकडा हरवतो किंवा हाताला मुंग्या येऊन त्या हळूहळू ओठांपर्यंत सरकतात. याला 'ऑरा' म्हणतात. तो सावकाश पसरतो, ५ ते ६० मिनिटे टिकतो आणि पूर्ण निघून जातो. ज्या स्त्रीला असा ऑरा येतो तिने इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे, कारण या दोहोंच्या एकत्र येण्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. धूम्रपानाची भर पडली तर तो आणखी वाढतो.

पोट थांबते म्हणून गोळी हरते

पूर्वी असे मानले जाई की डोक्यातील रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ठणका लागतो. आता समजूत पालटली आहे. चेहऱ्याकडून आणि मेंदूच्या आवरणाकडून संवेदना नेणारी जी त्रिधारी मज्जा आहे, ती चेतवली जाते आणि तिच्या टोकांतून वेदना वाढवणारी द्रव्ये पाझरतात. सुरुवातीला फक्त ही टोके पेटलेली असतात. तासाभरात, दोन तासांत ही चेतना आत, मेंदूच्या खोडापर्यंत पोहोचते. मग केसांतून फणी फिरवली तरी दुखते, चष्म्याची काडी टोचते, त्या बाजूवर झोपवत नाही. ही अवस्था आली की तीच गोळी, त्याच मात्रेत, पहिल्यासारखी लागू पडत नाही.

दुसरी अडचण पोटाची. झटक्यात जठराची हालचाल मंदावते. गोळी गिळली तरी ती जठरातच पडून राहते, आतड्यात उतरत नाही आणि रक्तात मिसळायला उशीर होतो. "मला गोळ्या लागूच पडत नाहीत" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांची गोळी चुकीची नसते. ती उशिरा घेतलेली असते, कमी घेतलेली असते किंवा पोटातच अडकलेली असते.

उपचाराची दिशा यातूनच ठरते. औषध वेदना सौम्य असतानाच, पुरेशा मात्रेत घ्यायचे आणि मळमळीचा कल असेल तर पोट पुढे सरकवणारे औषध त्याच्या जोडीला घ्यायचे. येथे एक सवय मोडावी लागते. 'उगाच गोळी नको, सहन होईल तेवढे सहन करू' हा संयम इतर पुष्कळ ठिकाणी शहाणपणाचा असेल, अर्धशिशीत तो महागात पडतो. मात्र दुखणे रोजच्यासारखे साधे जड डोके आहे की अर्धशिशी, हे ओळखता आले पाहिजे. नाहीतर प्रत्येक जडपणाला गोळी, अशी दुसऱ्या टोकाची चूक होते.

झटका घरी सांभाळताना

मात्रेविषयी जे पुढे दिले आहे ते एरवी निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी आहे. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे, यकृताचे वा हृदयाचे विकार असलेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच औषध ठरवावे.

ठणका सुरू होत आहे हे कळताच पेलाभर पाण्याबरोबर औषध घ्यावे. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, किंवा नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम, किंवा पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिन ९०० मिलिग्रॅमच्या आसपास, यांपैकी एकच निवडावे. ज्यांना जठरव्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना ही तिन्ही वर्ज्य समजावीत. ॲस्पिरिन सोळा वर्षांखालील मुलांना देऊ नये. पावसाळ्यात अंगात ताप असताना डोके दुखू लागले तर डेंग्यूची शंका राहते. अशा वेळी यांपैकी काहीही न घेता फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. पॅरासिटामॉलची मात्रा एका वेळी १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या. आपल्याकडे ६५० ची पट्टीच घरात जास्त असते, तिची मात्र एका वेळी एकच गोळी घ्यावी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे लक्षात ठेवून दिवसभराची बेरीज ३००० मिलिग्रॅमपुढे जाऊ देऊ नये.

मळमळ नेहमीच येत असेल तर डॉक्टर डॉम्पेरिडोन १० मिलिग्रॅमसारखे औषध वेदनाशामकाबरोबर घ्यायला सांगतात. ते उलटी थांबवते, आणि जठर पुढे सरकवून दुसऱ्या गोळीला वाटही करून देते. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असणाऱ्यांना ते चालत नाही, म्हणून पहिली चिठ्ठी डॉक्टरांकडूनच घ्यावी.

गोळी घेतल्यावर काळोख, शांतता आणि आडवे होणे. उशी किंचित उंच ठेवावी. बर्फाचे तुकडे फडक्यात गुंडाळून कपाळावर किंवा मानेच्या मागे पंधरा मिनिटे ठेवावेत. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. ज्यांना गारव्याने बरे वाटत नाही त्यांनी कोमट फडके वापरून पाहावे, यात रुग्णाचा कौल शेवटचा. पाणी एकदम तांब्याभर न पिता घोटाघोटाने प्यावे. उलट्या झाल्या असतील तर मीठ-साखरेचे पाणी किंवा मिठाची चिमूट घातलेले ताक चालते. पोटात काहीच नसेल तर कोरडे टोस्ट किंवा मूठभर लाह्या. आल्याच्या तुकड्याने मळमळ काहींची कमी होते. झटक्याच्या सुरुवातीला कपभर चहा किंवा कॉफीही उपयोगी पडते, कारण कॅफीन वेदनाशामकाला हात देते. रात्री मात्र ती टाळावी, कारण या दुखण्यावर झोपेइतका गुणकारी घरगुती उपाय दुसरा नाही.

बामचा घमघमाट मात्र जपून. त्याने काहींना गार वाटते, पण झटक्यात वासाची सहनशक्ती संपलेली असते आणि घरच्यांनी मायेने चोळलेला बाम उलटी काढतो. डोके करकचून बांधणे, जोराने दाबणे यांनी क्षणभर बरे वाटते, त्यात अपाय नाही. पहाटे सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा जो जुना उपाय सांगतात, त्याचे गुण जिलेबीत आहेत की उपाशी पोटी न राहण्यात, हा प्रश्न मनोरंजक आहे. उत्तर बहुधा दुसरे असावे.

साध्या वेदनाशामकांनी दोन तासांत आराम पडत नसेल आणि असे वरचेवर घडत असेल, तर डॉक्टर ट्रिप्टान गटातील औषध देतात. सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम किंवा रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम ही त्यातील नेहमीची नावे. हे औषध अर्धशिशीसाठीच बनलेले आहे. ते ऑरा चालू असताना घ्यायचे नसते, प्रत्यक्ष ठणका सुरू होताच घ्यायचे असते. एकदा उतरलेले दुखणे परतले तर दोन तासांनंतर दुसरी गोळी चालते. पहिलीने काहीच फरक पडला नसेल तर त्याच झटक्यात दुसरी सहसा कामी येत नाही. हृदयविकार, पक्षाघाताचा इतिहास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ही औषधे देत नाहीत. उलट्या थांबतच नसतील तर नाकात फवारायचे किंवा टोचायचे प्रकारही उपलब्ध आहेत.

आपल्याकडे औषधांच्या दुकानात अर्धशिशीची म्हणून सर्रास मागितली जाणारी जी जुनी गोळी आहे, तिच्यात पुष्कळदा अर्गोटामाइन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचे औषध अशी चौकडी असते. ती गुणही देते, आणि म्हणूनच धोक्याची आहे. अर्गोटामाइन रक्तवाहिन्या आकुंचित करते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ती घेऊच नये आणि ट्रिप्टान घेतलेल्या दिवशी तर तिला हातही लावू नये. शेजारणीला लागू पडली म्हणून आपण घ्यावी अशी ही गोळी नव्हे.

गोळीनेच दुखणारे डोके

अर्धशिशीच्या रुग्णांत एक विचित्र फेरा आढळतो. गोळ्या वाढतात तसे दुखणे घटत नाही, उलट वाढते. पहाटे जाग येते तीच जड डोक्याने. गोळी घेतली की दुपारपर्यंत बरे, संध्याकाळी पुन्हा तेच. वेदनाशामकांच्या अतिवापराने मेंदूची वेदनेची पातळीच खाली उतरते. मोजमाप असे : साध्या वेदनाशामकांसाठी महिन्यातील १५ दिवस आणि ट्रिप्टान, अर्गोटामाइन किंवा मिश्र गोळ्यांसाठी १० दिवस. तीन महिन्यांहून अधिक काळ वापर या रेषेला पोहोचला किंवा तिच्यापुढे राहिला तर हा विकार जडतो. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवसात दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस. व्यवहारात आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त दिवस गोळी लागू लागली, की हिशोब चुकतो आहे असे समजावे. या फेऱ्यातून सुटण्यासाठी ती गोळी थांबवावी लागते आणि पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, दुखणे आधी वाढते. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली करणे बरे.

कारणे शोधताना होणारी फसगत

अर्धशिशीच्या रुग्णाला कारणांची यादी तोंडपाठ असते : ऊन, जागरण, उपास, अत्तर, वातानुकूलन, चॉकलेट, आंबवलेले पदार्थ. या याद्या वाचून सगळेच सोडून देणारे लोक आहेत, आणि तरीही त्यांचे डोके दुखते. त्याचे कारण असे की एकटे कारण पुष्कळदा पुरेसे नसते. प्रत्येकाच्या मेंदूला एक उंबरठा असतो. दोन-तीन गोष्टी एकाच दिवशी जमल्या की तो ओलांडला जातो.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. इंदूरच्या एका शाखेत काम करणारी चौतीस वर्षांची रोखपाल आहे, घरी दोन मुले आणि सासूबाई. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत तिने एक साधी वही ठेवली. प्रत्येक दिवसापुढे पाच गोष्टी : आदल्या रात्रीची झोप किती तास, दुपारचे जेवण किती वाजता, पाळीचा दिवस, डोके दुखले असल्यास केव्हापासून केव्हापर्यंत आणि घेतलेली गोळी. दुखले नाही त्या दिवशीही नोंद केली. वहीचे खरे मोल त्या कोऱ्या वाटणाऱ्या दिवसांत असते, कारण तुलना त्यांच्याशीच करायची असते.

तीन महिन्यांत ११ झटके आले. त्यांपैकी ४ पाळीच्या आधीच्या दोन दिवसांपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच्या काळात आले. पाळीच्या तोंडाशी इस्ट्रोजेनची पातळी घसरते, तिचा हा परिणाम. आणखी ४ झटके अशा दिवशी आले जेव्हा जेवण दुपारी तीननंतर झाले होते किंवा संकष्टीचा उपास होता. पण वही सांगते की तीननंतर जेवण झालेले आणखी ९ दिवस होते आणि त्या दिवशी डोके दुखले नव्हते. फरक झोपेचा निघाला. दुखले त्या चारही दिवसांच्या आदल्या रात्री झोप सहा तासांहून कमी होती. म्हणजे उशिराचे जेवण एकटे दोषी नव्हते आणि अपुरी झोपही नव्हती. दोहोंनी मिळून उंबरठा ओलांडला. उरलेले ३ झटके रविवारी किंवा सुटीच्या दिवशी आले. साडेसहाला उठणारी ही बाई सुटीला साडेनऊला उठे, पहिला चहा दहाला होई आणि आठवड्याचा ताण अचानक उतरलेला असे. चहाची नेहमीची वेळ टळणे आणि ताण ओसरणे ही दोन्ही अर्धशिशीची नावाजलेली निमित्ते आहेत.

तिचा संशय मात्र चॉकलेटवर होता. वहीत पाहता तीन झटक्यांच्या आदल्या संध्याकाळी तिने चॉकलेट खाल्ले होते हे खरे. पण इतर ८ दिवशीही खाल्ले होते आणि काही झाले नव्हते. शिवाय त्या तीनही संध्याकाळी सारख्या जांभया येत होत्या आणि मान अवघडली होती. येथेच पुष्कळांची फसगत होते. ठणक्याच्या काही तास, कधी दिवसभर आधीच झटका आत सुरू झालेला असतो. जांभया, मान आखडणे, चिडचिड, वारंवार लघवीला होणे आणि गोड खाण्याची ओढ ही त्याची पूर्वचिन्हे आहेत. चॉकलेटने झटका आणला नाही, येऊ घातलेल्या झटक्याने चॉकलेट खायला लावले. पूर्वचिन्हे ओळखता येणे हा मोठा लाभ आहे. त्या संध्याकाळी वेळेवर जेवून लवकर झोपले आणि गोळी पर्समध्ये आहे ना हे पाहून ठेवले, तर दुसऱ्या दिवशीचा पहिला तास वाया जात नाही.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. गोळीचे दिवस जानेवारीत ५, फेब्रुवारीत ७ आणि वार्षिक हिशोबांच्या मार्चमध्ये ११ झाले होते. मिश्र गोळीची दहा दिवसांची रेषा मार्चमध्ये ओलांडली गेली होती. आणखी दोन महिने तसेच गेले असते तर गोळीनेच दुखणाऱ्या डोक्याचा फेरा सुरू होण्याची भीती होती.

तिने केलेले बदल किरकोळ वाटतील असे आहेत. खिडकीवर गर्दी असली तरी साडेअकराला एक केळे किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे, आणि पाण्याची बाटली हाताशी. जेवणाची पाळी सहकाऱ्याबरोबर ठरवून पावणेदोनची केली. संकष्टी सोडली नाही, पण चंद्रोदयापर्यंत कोरडे राहण्याऐवजी दर तीन तासांनी दूध, फळ किंवा राजगिऱ्याचा लाडू घेऊ लागली, आणि चहाच्या वेळा उपासालाही त्याच ठेवल्या. सुटीच्या दिवशी साडेसातपर्यंत उठायचे, म्हणजे नेहमीपेक्षा तासभरच उशीर. झोप हवी तर दुपारी थोडा वेळ. डॉक्टरांनी मिश्र गोळी बंद करून ठणका सुरू होताच नॅप्रोक्सेन आणि डॉम्पेरिडोन घ्यायला सांगितले. तिची पाळी नियमित असल्याने पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाच दिवस नॅप्रोक्सेन सकाळ-संध्याकाळ, तेही ठरवून दिले. एप्रिल ते जूनमध्ये झटके ५ आले, त्यांतील ३ पाळीचेच, पण सौम्य. दुखणे संपले नाही, आणि संपेल असे तिला कोणी सांगितलेही नव्हते.

डोक्यावरून न्हाणे हे आपल्या देशातील एक खास निमित्त आहे. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यापूर्वी पाश्चात्त्य ग्रंथांतील याद्यांत हे कारण शोधूनही सापडत नसे. घरातील आजीबाईंना मात्र ते ठाऊक होते. ज्यांच्या वहीत हे निमित्त दिसेल त्यांनी न्हाण्याचा दिवस उपासाच्या किंवा धावपळीच्या दिवशी ठेवू नये, उपाशी पोटी न्हाऊ नये आणि केस लगेच कोरडे करावेत.

उन्हात टोपी किंवा गडद चष्मा, लुकलुकणारी ट्यूब बदलून घेणे, संगणकाच्या पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाइतका ठेवणे, एवढ्याने उजेडाचे निमित्त बरेच आवरते. हवेतील बदल कोणाच्याच हाती नसतो. त्याची काळजी करत बसण्यात अर्थ नाही.

रोजचे औषध केव्हा

महिन्यात चार किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, किंवा झटके कमी असूनही प्रत्येक वेळी दोन दिवस अंथरूण धरावे लागत असेल, तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचे औषध सुरू करण्याचा विचार होतो. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट अशी त्यांची नावे. यांतील कोणतेही औषध मुळात अर्धशिशीसाठी शोधलेले म्हणून प्रसिद्ध नाही. कुणी रक्तदाबाचे, कुणी नैराश्याचे, कुणी अपस्माराचे. कागदावर ते वाचून घाबरून औषध टाकून देणारे रुग्ण पुष्कळ असतात. मात्रा मुळात कमीच असते. दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल आणि मूल होऊ देण्याच्या वयातील स्त्रीला टोपिरामेट देताना डॉक्टर वेगळा विचार करतात, म्हणून हे दोन्ही तपशील आपण होऊन सांगावेत. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत 'काही उपयोग नाही' असा निकाल देणे घाईचे ठरते. झटके निम्म्यावर आले तर औषध लागू पडले असे मानतात.

येथे घरगुती उपाय नकोत

काही डोकेदुख्या अर्धशिशीसारख्या दिसतात, पण त्यांना काळोख्या खोलीत वाट पाहणे परवडत नाही. एका मिनिटाच्या आत शिखराला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी वेदना ही मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते. तापाबरोबर मान ताठणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेले दुखणे, या सर्वांत थेट रुग्णालय गाठावे. ऑरा तासापेक्षा जास्त टिकला किंवा हळूहळू पसरण्याऐवजी क्षणात आला तरीही तेच. वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अर्धे डोके दुखू लागले, विशेषतः कानशीला हात लावताच दुखत असेल आणि चावताना जबडा भरून येत असेल, तर दृष्टी जाण्याचा धोका असलेला रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. त्याची तपासणी आठवड्यावर ढकलू नये.

आणखी एक दुखणे हुबेहूब अर्धशिशीचे सोंग घेते. अर्धे डोके ठणकते, मळमळते, उलट्या होतात, पण त्याच बाजूचा डोळा लाल असतो, धूसर दिसते आणि दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात. हा डोळ्यातील दाब एकाएकी वाढल्याचा प्रकार, काचबिंदूचा तीव्र झटका. काही तासांत दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून घरातील कुणाचे, विशेषतः वयस्कर माणसाचे, अर्धे डोके दुखू लागले की आधी दिवा लावून त्या बाजूचा डोळा नीट पाहावा, मग खोलीत काळोख करावा.